गुळाचा रंग मोबाईल ठरवणार असेल, तर आधी त्याच्या तीन दोऱ्या बांधा



आज वावरातली नोंद नाही. आज जरा भांडायचं आहे.

परवा न्हावऱ्याच्या चौकात चहा पिताना एक जण म्हणाला, "नाना, गुऱ्हाळाचे व्हिडिओ टाकता ते चांगलं आहे, पण मोबाईल बदला आता. चित्र सारखं उजळतं आणि काळं होतं. डोळं दुखत्यात बघून." बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकाने लगेच कुठला घ्यायचा तेपण सांगितलं, किंमत साठ हजाराच्या पुढं. मी म्हटलं, मोबाईल तोच राहणार आहे आणि चित्र उजळणं पण बंद होणार आहे. मोबाईलचा दोषच नाही तो. दोष आपला आहे. मोबाईल मनाने ठरवतो आणि आपण त्याला ठरवू देतो. आणि ज्या कामात रंगावर पैसा ठरतो, त्या कामात हे चालू देणं म्हणजे वजनाचा काटा गिऱ्हाइकाच्या हातात देऊन आपण बाजूला बसणं.

मी हे का बोलतोय ते आधी सांगतो, मग मोबाईलवर येतो.

आमचं गाव भीमेच्या अलीकडे, शिरूर तालुक्यात. नदी ओलांडली की दौंड तालुका. ऊस दोन्हीकडे, पण गुऱ्हाळं बघायची तर केडगाव, पाटस त्या पट्ट्यात जायचं. माझा ऊस बहुतेक कारखान्याला जातो. दरवर्षी अर्ध्या एकराचा तेवढा राखून ठेवतो आणि पलीकडच्या एका गुऱ्हाळावर नेऊन बिगररसायनाचा गूळ करून घेतो. गेल्या हंगामात मुंबईच्या एका व्यापाऱ्याने साठ ढेपा सांगितल्या होत्या, दहा किलोच्या. शेठ म्हणाले, गूळ ओतताना व्हिडिओ काढून पाठवा, मला रंग बघायचा आहे. पुतण्याने काढला, मी पाठवला. तासाभरात फोन आला. "नाना, हे दोन माल एकत्र केलेत का? सुरुवातीला तांबूस दिसतोय, मग एकदम पिवळाधमक, परत काळसर. पिवळा आहे तो हायड्रोसचा आहे ना?"

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हायड्रोस ही पावडर गुळाचा रंग उडवते. पाकात टाकली की गूळ पिवळा, गोरापान दिसतो आणि बाजारात उठून दिसतो. तोच गूळ साठवला, पावसाळी हवा लागली की रंग परत काळवंडायला लागतो. बिगररसायनाचा गूळ पहिल्यापासूनच तांबूस, तपकिरी असतो. म्हणजे आमच्या मालात शेठना जो रंग हवा होता तो तांबूसच. आणि व्हिडिओत मधेच दहा-बारा सेकंद तो पिवळा झाला होता. मी स्वतः पाहिलं, खरंच झाला होता. माझ्या समोर जो गूळ ओतला त्यात चुना, भेंडीचं पाणी आणि एरंडाचं थोडं तेल यापलीकडे काही नव्हतं. पण मी काय दाखवणार? माझा साक्षीदार माझाच व्हिडिओ, आणि तोच फिरला.

शेवटी शेठनी किलोमागं चार रुपये पाडले. सहाशे किलोचे चोवीसशे रुपये गेले. रक्कम मोठी नाही. पण "हायड्रोसवाला" हा शब्द मला सहन झाला नाही. म्हणून उन्हाळाभर मी या मोबाईलच्या मागे लागलो. पुतण्या मुलखाचा हुशार, पण त्याचं एकच उत्तर, "नाना, ऑटोवर होतं ना सगळं." तेच तर दुखणं आहे.

तर ऑटो म्हणजे काय होतं ते समजून घ्या. मोबाईल एका वेळी तीन गोष्टी स्वतः ठरवत असतो. उजेड किती घ्यायचा, फोकस कुठं धरायचा, आणि पांढरं कशाला म्हणायचं. हे एकदा ठरवून गप्प बसत नाही. चित्रात काही बदललं की परत ठरवतो, सेकंदाला कितीतरी वेळा.

उजेडाचं त्याचं गणित साधं आहे. त्याला वाटतं, जगातलं कुठलंही दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं असतं. समोर काळं जास्त आलं तर तो म्हणतो अंधार आहे, आणि चित्र उजळतो. पांढरं जास्त आलं तर म्हणतो लख्ख उजेड आहे, आणि चित्र दाबतो. आता गुऱ्हाळात काय असतं बघा. काळी काहील, तिच्यावर पांढरी वाफ. वाऱ्याची झुळूक आली, वाफेचा लोट मोबाईलसमोर आला, की चित्र दाबलं जातं, गूळ काळा दिसतो. लोट बाजूला गेला की काहील दिसते, चित्र उजळतं, गूळ फिका होतो. वाफ काय एकदाच येते का? येते जाते, येते जाते. म्हणून चित्र धापा टाकल्यासारखं होतं. उसाच्या सरीतून चालत व्हिडिओ काढतो तेव्हा पण हेच. पाचटाआडून आभाळाचं भोक दिसलं की सगळा ऊस काळा, पुढं गर्दी आली की परत हिरवा.

फोकसचं पण तसंच. वाफ, धूर, उडणारं चिपाड, काही मधे आलं की तो त्याला धरायला धावतो, मग परत मागे येतो. त्यात चित्र नुसतं धूसर होत नाही, किंचित मोठं-लहान पण होतं. बघणाऱ्याला कळत नाही काय खटकतंय, पण खटकतं.

तिसरी गोष्ट पांढऱ्याची. माझे चोवीसशे रुपये इथं गेले. आपल्या डोळ्याला सावलीत, उन्हात, बल्बखाली कागद पांढराच दिसतो, कारण डोकं जुळवून घेतं. उजेडाचा रंग मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. पिवळ्या बल्बचा तांबडा-पिवळा, भर दुपारचा मधला, सावलीतला निळसर. मोबाईललाही जुळवून घ्यावं लागतं. पण त्याला डोकं नाही, अंदाज आहे. त्याचा एक मोठा अंदाज असा की चित्रातले सगळे रंग एकत्र केले तर करडा यायला पाहिजे. चित्र भरून एकच रंग आला की तो फसतो. गूळ वाफ्यात ओतला, पुतण्या हौसेने जवळ गेला, पडद्यावर इकडून तिकडं नुसता तांबूस गूळ. मोबाईल म्हणाला, अरे इथला उजेडच तांबडा आहे. आणि तांबडेपणा काढायला त्याने निळा घातला. झाला गूळ पिवळा! वाफ आली, चित्रात पांढरं-करडं आलं, त्याला वाटलं उजेड ठीक आहे, निळा काढून घेतला. झाला गूळ परत तांबूस. आणि त्याच वाफेने उजेड पण दाबला होता, म्हणून काळसर. एका आधणाचा एक गूळ, एका मिनिटात तीन रंगांचा.

शेठचं चुकलं का? अजिबात नाही. त्यांना जे दिसलं ते त्यांनी सांगितलं.

आता माझं भांडण कोणाशी आहे ते सांगतो. हे जे मोबाईल शिकवणारे पोरं आहेत, ते एक गोष्ट सांगतात आणि तिथंच थांबतात. "पडद्यावर बोट दाबून धरा, लॉक होतं, काम झालं." बोट दाबून धरल्यावर आयफोनवर पिवळ्या अक्षरांत `AE/AF LOCK` असं येतं. सॅमसंगवर गोलापाशी कुलूप दिसतं. ती अक्षरं नीट वाचा. `AE` म्हणजे उजेड. `AF` म्हणजे फोकस. पांढऱ्याचं अक्षर त्यात कुठं आहे? नाहीच. तीन दोऱ्यांपैकी दोन बांधल्या आणि तिसरी मोकळी. उसाच्या मळ्यात, लग्नात, बैलगाड्याच्या शर्यतीत दोन दोऱ्यांवर भागेल. गुळाला, कांद्याला, पिवळ्या पडलेल्या पानाला नाही भागत. जिथं रंग हाच माल आहे, तिथं तिसरी दोरी पहिली बांधायची.

ती बांधायची सोय बहुतेक मोबाईलमध्ये आहे, फक्त लपवलेली आहे. आयफोनवर कॅमेऱ्यात सापडत नाही, `Settings` मध्ये जाऊन `Camera`, मग `Record Video`, तिथं `Lock White Balance` चालू करावं लागतं. त्याने काय होतं, तर रेकॉर्डिंग सुरू करताना जो रंग ठरला असेल तोच शेवटपर्यंत राहतो. म्हणून सुरू करायच्या आधी तो बरोबर ठरलेला पाहिजे, हे ध्यानात ठेवा. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये `Pro Video` असतं, तिथं `WB` दाबून आकडा हाताने ठरवता येतो. माझ्यासारख्या स्वस्त मोबाईलवाल्यांची गंमत अशी की आपल्याकडे `Pro` असतं, पण फोटोपुरतं. व्हिडिओला ते दिसत नाही. मग मी `Open Camera` नावाचं ॲप घेतलं. फुकट आहे, जाहिरात नाही. त्याच्या सेटिंगमध्ये `On screen GUI` हा भाग आहे, तिथून उजेडाचं आणि पांढऱ्याचं अशी दोन्ही कुलपं पडद्यावर आणून ठेवता येतात. फोकसला वेगळं `Locked` आहे. एखाद्या मोबाईलच्या आतल्या कॅमेऱ्यानेच सोय दिली नसेल तर ॲपमध्ये ते कुलूप दिसत नाही, मग इलाज नाही, दुसऱ्याचा मोबाईल मागून घ्या. त्यासाठी साठ हजार लागत नाहीत.

या हंगामात मी ओतण्याचा व्हिडिओ कसा काढला ते सविस्तर सांगतो. क्रम बदलला की घोटाळा होतो, कारण मी तो घोटाळा तीन वेळा केला आहे.

आमच्या गुऱ्हाळावर पत्र्याचं शेड, बाजू उघड्या. काहिलीखाली चुलवाण, त्यात चिपाड. रस उकळला की वर मळी येते, ती काढत राहायची. पुढं काकवीची अवस्था, त्यानंतर पाक दाट होतो, मोठे फुगे मंद फुटायला लागतात. साधारण एकशे अठरा अंशाला गूळ उतरवतात, पण आमचे गुळवे मामा थर्मामीटर बघत नाहीत. थंड पाण्यात थेंब टाकतात, बोटाने गोळी करतात, ती भांड्यावर मारून आवाज ऐकतात. आवाज बरोबर आला की ओरडतात आणि चार माणसं काहील उचलतात. तिथून वाफ्यात ओतेपर्यंत मिनिटसुद्धा जात नाही. मोबाईलची जुळवाजुळव तेव्हा करायला गेलात तर व्हिडिओ गेलाच समजा. म्हणून मामांनी गोळी करायला घेतली की माझी तयारी संपलेली असते.

सगळ्यात आधी वारा कुठून येतो ते बघतो. वाऱ्याच्या पाठीशी उभं राहायचं, म्हणजे वाफ आपल्यापासून लांब जाते. ही मोबाईलची सेटिंग नाही, पण याच्याशिवाय सेटिंग फुकट आहे. भिंगावर वाफ बसली की सगळं चित्र दुधाळ होतं आणि कुठल्याही कुलपाने ते जात नाही. भिंग गमछ्याने पुसत बसू नका, गमछ्यावर गुळाचा हात लागलेला असतो. चष्म्याचं फडकं खिशात ठेवा.

मोबाईल वाफ्यापासून चार-पाच फुटांवर मेढीला बांधतो. स्टँड असेल तर उत्तम. एकदा बांधला की पुढं-मागं नाही, झूम नाही. झूम केलं की बऱ्याच मोबाईलमध्ये भिंगच बदलतं, आणि दोन भिंगांचा रंग एकसारखा नसतो. मग चित्र टणकन उडी मारतं आणि तुम्हाला वाटतं कुलूप तुटलं.

मग पुतण्याला रेघांच्या वहीचा कोरा कागद घेऊन वाफ्याच्या काठावर धरायला सांगतो. जिथं गूळ पडणार तिथंच, त्याच उजेडात. शेडबाहेर उन्हात धरून उपयोग नाही, उजेडाचा रंग वेगळा. कागदाने पडद्याचा बराच भाग भरला पाहिजे. तीन-चार सेकंद थांबायचं, मोबाईलला ठरवू द्यायचं, कागद डोळ्याला पांढरा दिसला की पांढऱ्याचं कुलूप लावायचं. आकडा हाताने ठरवायचा असेल तर सावलीच्या उजेडात साडेसहा-सात हजारांच्या आसपास सुरुवात करा आणि कागद पांढरा होईपर्यंत सरकवा. भर उन्हात साडेपाच हजारांच्या आसपास येतो. आकडा वर नेला की चित्र पिवळं होतं, खाली आणला की निळं. आमच्या पुतण्याला हे उलटं वाटायचं, तुम्हालाही वाटेल. पडद्याकडे बघून करा.

त्यानंतर फोकस. कागद हातात असतानाच त्याच्यावरच्या रेघांवर बोट लावून फोकस धरायचा आणि बांधायचा. रेघा असल्या की त्याला धरायला काहीतरी मिळतं. नुसत्या कोऱ्या कागदावर किंवा वाफेवर तो नुसता चाचपडतो. फोकस बांधला म्हणजे अंतर बांधलं. आता तुम्ही दोन फूट पुढं आलात तर चित्र धूसर होणार, ही त्याची चूक नाही.

शेवटी उजेड. इथं माझी सगळ्यात जास्त फजिती झाली. पहिल्यांदा मी कागदावरच उजेड बांधला. कागद पांढरा, मोबाईलने चित्र दाबलं, मी कुलूप लावलं, कागद काढला आणि गूळ ओतला. सगळा गूळ डांबरासारखा. दुसऱ्यांदा रिकाम्या काहिलीवर बांधला. काहील काळी, त्याने चित्र भरपूर उजळलं. वाफ आली तेव्हा सगळं पांढरंफेक, त्यात गूळ कुठला दिसतोय! तिसऱ्यांदा अक्कल आली. आदल्या आधणाची एक ढेप वाफ्याच्या काठावर ठेवली, शेजारी कागद, आणि ढेपेवर बोट लावून उजेड बांधला. मग थोडा खाली घेतला, आयफोनवर सूर्याचं चित्र खाली ओढतात तसं, किंवा उणे अर्ध्याच्या जवळपास. किती खाली, तर कागदावरच्या रेघा स्पष्ट दिसतील इतका. रेघा दिसतात तोवर पांढरं जळालेलं नाही. रेघा गेल्या की समजा वाफ आली की सगळं जाणार. रेघांची वही मी त्यासाठीच वापरतो.

कुलपं लागली का नाही, ते आधी तपासायचं. माझी परीक्षा टोपीची आहे. डोक्यावरची पांढरी टोपी काढून मोबाईलसमोरून आडवी न्यायची. टोपी पुढून जाताना मागची ढेप काळी पडली तर उजेड मोकळा आहे. ढेप धूसर झाली तर फोकस मोकळा आहे. मग उसाचं हिरवं वाढं आणायचं आणि जवळजवळ पडदा झाकेल असं धरायचं. कडेला जेवढी ढेप दिसते ती गुलाबी-तांबडी व्हायला लागली तर पांढरं मोकळं आहे, कारण हिरवं जास्त झालं म्हणून मोबाईल त्याच्या उलटा रंग घालतोय. तिन्ही वेळा ढेप जशीच्या तशी राहिली तरच रेकॉर्डिंग. वीस सेकंदांचं काम. आणि एकदा बांधल्यावर पडद्याला बोट लागू द्यायचं नाही. बऱ्याच मोबाईलवर दुसरीकडे बोट लागलं, फोन आला, किंवा ॲप बंद करून परत उघडलं की दोऱ्या सुटतात. म्हणून मी आधी विमानाचं चित्र दाबून नेटवर्क बंद करतो. गुळवे मामा हसतात, म्हणतात, "नाना गूळ करतोय का विमान उडवतोय?"

याच्यावर लोक तीन गोष्टी म्हणतात. त्यांची उत्तरं देऊन टाकतो.

पहिली, भारी मोबाईलला हे लागत नाही. माझ्या साडूच्या पोराचा भारी मोबाईल आणून शेजारी बांधून बघितला, ऑटोवर. त्याचं चित्र धापा टाकत नव्हतं, हे कबूल. ते सावकाश सरकत होतं. तांबूस गूळ अर्ध्या मिनिटात हळूहळू पिवळसर झाला, इतका हळू की चालू असताना कळलंच नाही. पहिलं आणि शेवटचं चित्र शेजारी ठेवल्यावर कळलं. मला तर हे जास्त वाईट वाटतं. स्वस्त मोबाईलची चूक निदान डोळ्यात खुपते.

दुसरी, नंतर एडिटिंगमध्ये रंग सारखा करता येतो. कसा करणार? रंग सगळीकडे सारखाच चुकलेला असेल तर एका झटक्यात बदलता येईल. इथं प्रत्येक सेकंदाला वेगळा चुकला आहे. कोण बसणार मिनिटाचा व्हिडिओ तुकड्या-तुकड्याने सुधारत? आणि जी वाफ पांढरीफेक जळाली, तिच्यामागचा गूळ कुठल्याही एडिटिंगने परत येत नाही, कारण तो मोबाईलने घेतलेलाच नाही.

तिसरी गोष्ट खरी आहे, म्हणून ती मान्य करतो. हाताने रंग बांधता येतो म्हणजे हाताने खोटा रंग पण बांधता येतो. `WB` चा आकडा वर-खाली केला की तांबूस गूळ सोनेरी करून कोणीही पाठवू शकतो. कुलपाने रंग खरा होत नाही, नुसता स्थिर होतो. म्हणून मी कागद लपवत नाही. रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर पहिले पाच सेकंद कागद आणि जुनी ढेप दोन्ही चित्रात असतात. बघणाऱ्याने कागद बघावा. कागद पांढरा असेल तर गुळाचा रंग मानावा. कागद पिवळा दिसला तर माझ्यावर विश्वास ठेवू नये. बाजारात गुळाचे व्हिडिओ फिरतात, त्यात ढेप सोन्यासारखी आणि ओतणाऱ्याचा पांढरा सदरा पण सोन्यासारखा. आधी सदरा बघत जा.

कुलूप कुठं चालत नाही तेपण सांगतो. शेडमध्ये बांधलं आणि तसंच चालत उन्हात गेलात तर बाहेरचं सगळं पांढरं होऊन जाणार. तिथं व्हिडिओ थांबवा, बाहेर नव्याने बांधा, दोन तुकडे जोडा. संध्याकाळी उजेड उतरत असेल तर दर आधणाला कागद नव्याने धरावा लागतो, सकाळचं कुलूप चालणार नाही. आणि मोबाईलमध्ये व्हिडिओचं `HDR` चालू असेल तर ते बंद करा, ते चित्राचा एकेक भाग वेगळा उजळतं-दाबतं आणि दुसऱ्याच्या मोबाईलवर रंग भलताच दिसू शकतो.

रात्रीचं वेगळंच आहे. रात्री गुऱ्हाळात एलईडी ट्यूब लावतात. तिन्ही दोऱ्या बांधूनसुद्धा चित्रात काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर कुलपाला दोष देऊ नका. आपली वीज सेकंदाला पन्नास फेऱ्यांची, त्यामुळे साधी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. डोळ्याला दिसत नाही, मोबाईलला दिसतं. त्यावर इलाज म्हणजे शटर `1/50` किंवा `1/100` वर ठेवायचं, म्हणजे प्रत्येक चित्रात फेऱ्या पूर्ण येतात आणि पट्टी जाते. ओळखायचं कसं? मोबाईल आणि समोरचं सगळं स्थिर असताना पट्ट्या चालतात, तर दोष दिव्याचा. समोर काही आलं-गेलं की सगळं चित्र एकदम उजळतं किंवा दबतं, तर दोष ऑटोचा. आणि चुलवाणात चिपाड टाकल्यावर जाळ भडकून उजेड वाढला, तर तो खरंच वाढला आहे. तो दिसू द्या, जाळ मोबाईलचा नाही.

जानेवारीतलं दुसरं आधण मी असं काढलं. त्याच शेठना पाठवलं, गेल्या वर्षीचे चार रुपये काढले नाहीत. पहिले पाच सेकंद कागद, शेजारी ढेप, पुतण्याचा अंगठा. मग काहील आली, वाफेचा लोट उठला, ढेप लोटाआड गेली, परत दिसली, तशीच. शेठचा फोन आला तेव्हा त्यांनी गुळाबद्दल काही विचारलंच नाही. म्हणाले, "तो रेघांचा कागद कशाला?" मी सांगितलं. ते म्हणाले, बाकीच्यांना पण सांगतो कागद धरायला. ढेपा सत्तर गेल्या. आठवड्याने त्यांनी गोदामाच्या दारात ढेप ठेवून उलट मला फोटो पाठवला, शेजारी पांढरा कागद. रेघांचा नव्हता, बिलाचा होता. चालतंय.